कमी दिसणाऱ्यांसाठी घड्याळ निवडताना: बोटाने वाचायचं की कानाने ऐकायचं, आणि भरवसा कसा तपासायचा

डोळ्यांनी वेळ बघणाऱ्याला घड्याळ बंद पडल्याचं आपोआप समजतं. सेकंदकाटा थांबलेला असतो, आकडे पुसट झालेले असतात. कमी दिसणाऱ्या माणसाच्या घड्याळात हे इशारे नसतात. ब्रेल घड्याळ पहाटे बंद पडलं तरी सकाळी बोटाला काटे कुठेतरी लागतातच, आणि टॉकिंग वॉच चुकीची वेळसुद्धा तितक्याच ठाम आवाजात सांगतं. त्यामुळे दृष्टी कमी झालेल्या माणसांना रोजची कामं शिकवताना घड्याळाचा विषय निघाला की मी आधी एवढंच बघते: घड्याळ चुकलं तर ती चूक त्या माणसाला स्वतःला, घरातल्या कोणाला हाक न मारता, पकडता येईल का? पकडता येत असेल तर ते घड्याळ भरवशाचं. किंमत, दिसणं, ब्रँड हे सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी बोट आणि कान तपासा

बहुतेक घरांत उलटं होतं. मुलगा किंवा सून ऑनलाइन घड्याळ मागवते आणि मग ते आजोबांच्या हाताला जमतं का ते बघितलं जातं. यात सगळ्यात जास्त फसगत मधुमेह असलेल्यांची होते. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो, तसा तो नसांवरही होतो. आधी पाय बधिर होतात, आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात बोटांची टोकंही. म्हणजे ज्या आजारामुळे डोळ्यांचं काम बोटांकडे सोपवायची वेळ येते, तोच आजार बोटंही कमजोर करत असतो. हे त्या माणसाच्या लक्षात येतंच असं नाही, कारण भाजी निवडायला, कपडे घडी करायला तेवढा बारीक स्पर्श लागत नाही.

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलने मोहरीचे दाणे चिकटवा: एका जागी एक, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी तीन. शेजारच्या दाण्यांमध्ये जेमतेम एका दाण्याची फट ठेवा, कारण ब्रेल घड्याळावरचे ठिपके साधारण तेवढेच जवळ असतात. वाळल्यावर त्या व्यक्तीला डोळे मिटून, तर्जनीच्या टोकाने, न दाबता मोजायला सांगा. पुठ्ठा फिरवून क्रम बदलत राहा. सलग बरोबर उत्तरं आली तर स्पर्शाचं घड्याळ जमेल. तीनाला दोन म्हटलं जात असेल किंवा मोजायला बोट जोरात दाबावं लागत असेल तर ब्रेल घड्याळाचा विचार सोडा. जोर लावून वाचणारं बोट काटे हलवतं, त्याबद्दल पुढे सांगते. हाताला कंप असेल तरीही हेच.

कानाचं तसं सोपं आहे, पण तपासायचं शांत खोलीत नाही, तर घड्याळ जिथे वापरायचं तिथे. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून अनेक वयस्क माणसांना पुरुषी, खर्जातला आवाज जास्त स्पष्ट कळतो. एसटी स्टँडवर किंवा लोकलच्या डब्यात लहान घड्याळाचा स्पीकर कानाला लावल्याशिवाय ऐकू येत नाही, हे गृहीतच धरा.

थोडी नजर शिल्लक असेल तर मोठ्या, ठळक आकड्यांचं, काळ्या तबकडीवर पांढरे आकडे असलेलं साधं घड्याळही वापरून बघा. काचबिंदूने नजरेचा घेर आवळला असेल तर मात्र फार मोठी तबकडी एका नजरेत मावत नाही, मध्यम आकारच बरा पडतो.

ब्रेल घड्याळ: वाचायचं कसं आणि चूक पकडायची कशी

याची बनावट गेल्या अनेक दशकांत फारशी बदललेली नाही. काच बिजागरीवर बसवलेली असते. सहाच्या बाजूचं बटण किंवा चावी दाबली की ती झाकणासारखी उघडते. बाराच्या जागी बहुतेक वेळा तीन ठिपके, तीन, सहा आणि नऊच्या जागी दोन-दोन, बाकी तासांना एकेक. काही मॉडेलमध्ये ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, तेव्हा घेताना बोटाने खात्री करा. काटे नेहमीपेक्षा जाड असतात आणि सेकंदकाटा नसतो.

वाचायचा क्रम असा. घड्याळ डाव्या हातात असेल तर उजव्या हाताने झाकण उघडा. तर्जनी आधी कडेवरून फिरवून बाराचे तीन ठिपके शोधा, म्हणजे दिशा पक्की होते. मग बोट मधोमध आणून बाहेरच्या बाजूला सरकवा. ठिपक्यांपर्यंत पोचतो तो मिनिटकाटा, अलीकडेच संपतो तो तासकाटा. बोट काट्यावरून त्याच्या लांबीच्या दिशेने न्यायचं, आडवं ढकलायचं नाही. नवीन माणूस नेमका आडवा स्पर्श करतो आणि काटा सरकतो. सराव झाल्यावर दोन-तीन मिनिटांच्या फरकाने वेळ कळते. बस गाठायला तेवढं पुरतं, कुकरच्या शिट्टीनंतरची पाच मिनिटं मोजायला नाही.

आता चूक पकडण्याची युक्ती. साडेचार वाजले असतील तर मिनिटकाटा सहावर असतो आणि तासकाटा चार आणि पाचच्या बरोबर मध्ये. मिनिटकाटा सहावर आहे आणि तासकाटा मात्र चारच्या ठिपक्यावर टेकलेला लागतोय, असं झालं तर दोघांपैकी एक काटा आपल्या खिळीवर सैल होऊन फिरला आहे. खात्री करायची असेल तर चावी ओढा आणि मिनिटकाटा बारावर आणा. तासकाटा कुठल्यातरी ठिपक्यावर नेमका बसला पाहिजे. दोन ठिपक्यांच्या मध्ये राहिला तर वेळ पुन्हा लावून उपयोग नाही, घड्याळजीकडून काटा नीट बसवून घ्यावा लागेल. ही तपासणी पूर्ण तासाला किंवा अर्ध्या तासाला करावी, कारण मधल्या वेळी बोटाला तासकाट्याचा बारीक फरक कळत नाही.

दुसऱ्या प्रकारची चूक मात्र या युक्तीत सापडत नाही. बोटाने मिनिटकाटा ढकलला गेला की बऱ्याचदा आतली चाकंही घसरतात आणि तासकाटा त्याच प्रमाणात सोबत सरकतो. मग दोन्ही काटे एकमेकांशी जुळतात, पण वेळ पाच मिनिटं पुढे-मागे झालेली असते. यासाठी दिवसातून एकदा बाहेरच्या वेळेशी जुळवणी हवीच. रेडिओ ऐकणाऱ्या घरात आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की घड्याळाला हात लावायचा. किंवा फोनला वेळ विचारायची. घड्याळ बंद पडलेलं असेल तर तेही याच वेळी समजतं. टिकटिक ऐकून ओळखू म्हणाल तर ती खूण भरवशाची नाही, कारण दोनच काटे असलेल्या काही क्वार्ट्झ घड्याळांत काटा दर सेकंदाला न हलता दहा-वीस सेकंदांनी एकदा हलतो.

म्हणून दुकानात एक गोष्ट करून बघा. घड्याळ फोनच्या वेळेशी जुळवून घ्या, दहा-बारा वेळा झाकण उघडून वापरणाऱ्यानेच बोटाने वाचावं, आणि मग पुन्हा फोनशी ताडून पाहावं. दोन मिनिटांहून जास्त फरक पडला तर एकतर काटे कमजोर आहेत किंवा बोट जड आहे. दुसऱ्या कोणाच्या हलक्या बोटाने तेच करून पाहिलं की कारण कळतं. झाकण बंद होताना ठसठशीत ‘टक’ आवाज यायला हवा आणि मनगट झटकल्यावर ते उघडता कामा नये. उघडं राहिलेलं झाकण बाहीत अडकतं, आणि आपल्याकडच्या घामाने आणि कोकणातल्या खाऱ्या हवेने बिजागरी गंजते. अशा घड्याळाला पाणी अजिबात चालत नाही. भांडी घासताना काढून ठेवायचं.

एचएमटीची चावीची ब्रेल घड्याळं अजून काही घरांत जपून ठेवलेली आहेत. त्यांचा एक फायदा असा की रोज ठराविक वेळी चावी द्यायची सवय असते, त्याच वेळी जुळवणीही होते. पण एचएमटीच्या घड्याळ कंपन्या बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे जुनं एचएमटी विकत घ्यायचं असेल तर ते दुरुस्त करणारा घड्याळजी जवळ आहे ना, हे आधी बघा.

टॉकिंग वॉच: खरी परीक्षा सेलची

बटण दाबलं की वेळ बोलणारी घड्याळं काही शे रुपयांपासून मिळतात. बहुतेक इंग्रजीत बोलतात, काही हिंदीत. अलार्मला कोंबडा आरवतो ती यांतलीच.

यांच्या बिघाडाचं मूळ जवळपास नेहमी सेलमध्ये असतं. वेळ मोजायला अगदी क्षुल्लक वीज लागते, पण बोलायला त्याच्या कितीतरी पट जास्त. सेल उतरायला लागला की घड्याळ चालू असतं, पण बोलायला लागताच वीज अपुरी पडते. आवाज घोगरा किंवा संथ होतो, मग वाक्य अर्धवट तुटतं, आणि शेवटी बोलण्याच्या ओढीने घड्याळाचीच स्मृती पुसली जाऊन ते पुन्हा बारापासून सुरू होतं. ही शेवटची पायरी धोक्याची, कारण त्यानंतर घड्याळ छान बोलतं आणि साफ चुकीची वेळ सांगतं. म्हणून आवाज पहिल्यांदा घोगरा झाला त्याच दिवशी सेल बदलायचा.

खरेदी करताना याचीच परीक्षा घ्या. लागोपाठ सहा-सात वेळा बटण दाबा. शेवटचं वाक्य पहिल्याइतकंच स्पष्ट आलं पाहिजे. मग विचारा, सेल कोणत्या नंबरचा? सीआर २०१६, सीआर २०२५ किंवा सीआर २०३२ असेल तर तालुक्याच्या ठिकाणीही मिळतो. काही घड्याळांत दोन सेल असतात, ते दोन्ही एकदमच बदलायचे. काढलेले सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत इजा होते, लगेच दवाखाना गाठावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काटे असलेलं टॉकिंग वॉच. दिसायला ते साध्या घड्याळासारखं असतं, म्हणून भेट देणाऱ्यांना आवडतं. पण त्यातल्या अनेकांत काट्यांचं यंत्र वेगळं आणि बोलणारं यंत्र वेगळं असतं. दोन्हींची वेळ स्वतंत्रपणे लावावी लागते आणि काही महिन्यांत दोन्ही वेगवेगळं सांगू लागतात. घरातले काटे बघून सांगतात, ‘पाच वाजले’, घड्याळ म्हणतं चार वाजून बावन्न मिनिटं, आणि दोष वापरणाऱ्याच्या कानाला दिला जातो. मी तरी बिनकाट्याचं, नुसत्या पडद्याचं घड्याळ सुचवते.

तिसरी, वेळ लावताना घड्याळ बोलतं का ते बघा. चांगल्या घड्याळात लावायचं बटण दाबून धरलं की ते आधी तास बोलतं, प्रत्येक दाबाला पुढचा आकडा सांगतं, मग मिनिटांकडे जातं. जे घड्याळ लावताना मुकं होतं ते प्रत्येक सेल बदलल्यावर दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. दुकानात वापरणाऱ्यानेच, पडद्याकडे न बघता, वेळ एकदा बदलून परत लावून पाहावी. बोलायचं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं किंवा वेगळ्या आकाराचं हवं, आणि दर तासाला आपोआप बोलणं बंद करता आलं पाहिजे.

परदेशातून आलेलं ‘ॲटोमिक’ घड्याळ

मुलं अमेरिकेत किंवा युरोपात असलेल्या घरांत हे हमखास येतं. हे घड्याळ रेडिओवरून वेळ घेतं आणि स्वतःच दुरुस्त होतं, म्हणून तिथे ते उत्तम. पण अमेरिकेतल्या घड्याळाला संदेश मिळतो कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या केंद्रातून, जर्मनीतल्याला फ्रँकफर्टजवळच्या मेनफ्लिंगेनहून, ब्रिटनमधल्याला अँथॉर्नहून. यांतला कोणताच संदेश भारतात पोचत नाही. शिवाय अमेरिकेतल्या अनेक मॉडेलमध्ये तिथलेच चार-पाच वेळविभाग निवडता येतात, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने तो अर्धा तास कुठल्याच विभागात बसत नाही. घड्याळ पाठवायला सांगण्याआधी दोनच प्रश्न विचारा: वेळ हाताने लावता येते का, आणि रात्रीचा रेडिओ-शोध बंद करता येतो का? दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर ते दर रात्री न मिळणारा संदेश शोधत सेल संपवत राहील.

बाकीचे दोन पर्याय, थोडक्यात

‘ब्रॅडली’ नावाचं घड्याळ २०१३ मध्ये अमेरिकेत आलं. अफगाणिस्तानात दृष्टी गमावलेले नौदल अधिकारी आणि पॅरालिम्पिक जलतरणपटू ब्रॅडली स्नायडर यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं आहे. त्यात काटे नाहीत. वरच्या खाचेत फिरणारी गोळी मिनिटं सांगते, कडेच्या खाचेतली तास. बोटाने गोळी सरकली तरी मनगट हलवलं की चुंबकाने ती परत जागेवर येते, म्हणजे ब्रेल घड्याळाची सगळ्यात मोठी अडचण यात सुटते. खुणाही ठिपक्यांपेक्षा मोठ्या आहेत. ते महाग आहे, आणि चुंबक असल्यामुळे पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी ॲपल वॉचमध्ये सेटिंग्जच्या घड्याळ विभागात ‘टॅप्टिक टाइम’ आहे. ‘डिजिट्स’ पद्धत निवडली की दर दहा तासांना लांब ठोका, उरलेल्या तासांना छोटे, मग दहा-दहा मिनिटांना लांब आणि सुट्या मिनिटांना छोटे, अशी वेळ मनगटावर जाणवते. सभेत किंवा रात्री शेजारी कोणी झोपलेलं असताना याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण ते जवळपास रोज चार्ज करावं लागतं. लोडशेडिंगच्या गावात त्याच्या जोडीला साधं घड्याळ ठेवा.

एक निवड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

कराडच्या एका मावशींचं उदाहरण देते. मधुमेह जुना, डोळ्यांवर लेसर झालेलं, माणसाचा आकार दिसतो पण घड्याळाचे आकडे नाहीत. दोन वेळचं इन्सुलिन, संध्याकाळचं भजनी मंडळ आणि रात्री जाग आल्यावर ‘उजाडायला किती वेळ आहे’ हे कळणं, एवढ्यासाठी घड्याळ हवं होतं. मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेलं बोलणारं ॲटोमिक घड्याळ घरात होतं. ते न्यूयॉर्कची वेळ सांगायचं आणि हाताने लावण्याची सोयच नव्हती. मावशी हिवाळ्यात त्यात साडेदहा तास मिळवायच्या, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि अध्येमध्ये चुकायच्या. ते बाजूला ठेवलं.

त्यांची इच्छा ब्रेल घड्याळाची होती, कारण भजनात बोलणारं नको. मोहरीच्या चाचणीत त्यांनी तिनाला दोनदा दोन म्हटलं आणि शेवटी नखाने चाचपायला लागल्या. “अगं, सुई टोचलेलीसुद्धा आता नीट कळत नाही मला,” त्याच म्हणाल्या. तिथे तो पर्याय संपला. हिंदीत बोलणारं, बिनकाट्याचं घड्याळ शोधलं. पहिल्या दुकानातल्या घड्याळाचा आवाज सहाव्या दाबाला घोगरा झाला. दुकानदाराने सेल बदलून दिला तरी तेच झालं, म्हणजे दोष सेलचा नव्हता. दुसरं घड्याळ त्या परीक्षेत उतरलं, लावतानाही बोलत होतं. पण घरी आल्यावर सात-पाचच्या बातम्यांशी रोज ताडून पाहिलं तेव्हा आठवड्यात ते चार मिनिटं पुढे गेलं. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास चुकतं, मिनिटभर म्हणजे खूप झालं. चार मिनिटं हा सरळ बिघाड. बदलून मिळालेलं तिसरं मात्र महिनाभर बातम्यांशी जुळत राहिलं.

रात्रीसाठी मावशी घड्याळ पांघरुणात घेऊन बटण दाबतात, आवाज काकांपर्यंत जात नाही. भजनाला जाताना दर तासाचं बोलणं बंद करतात, ते बटण दाबून धरल्यावर एक ‘टीं’ येतो आणि चालू करताना दोन येतात, हे त्यांनी पाठ केलं आहे. इन्सुलिनच्या वेळा मात्र आम्ही घड्याळाच्या अलार्मवर सोडल्या नाहीत. त्या फोनमध्ये लावल्या आहेत आणि अलार्म वाजला की मावशी घड्याळाचं बटण दाबून दोन्ही वेळा जुळतात का ते बघतात.

दुरुस्तीची सोय ठरवूनच मग पावतीवर सही केली. मागचं झाकण स्क्रूचं आहे की दाबून बसणारं, बदलून द्यायची मुदत किती, स्पीकर बिघडला तर कोण बघणार, हे दुकानदाराकडून सुनेने लिहून घेतलं. सेलचा नंबर आणि बदलल्याची तारीख फोनमध्ये मावशींच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवली आहे. गावात असं घड्याळ मिळत नसेल तर मुंबईत वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे किंवा जवळच्या अंधशाळेत चौकशी करा. तिथे घड्याळ हातात घेऊन, बोटाने चाचपून आणि ऐकून बघता आलं तर ऑनलाइन फोटो बघून मागवण्यापेक्षा कधीही बरं.